फुलीचं गणित: चहा, सोनं आणि तीस पक्षी

इयरफोन लावून ऐकत असाल तर आज एक छोटी विनंती. शक्य असेल तर कागद-पेन जवळ ठेवा. बसमध्ये उभे असाल तर राहू द्या, आकडे सोपे घेतलेत, डोक्यात मावतील. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा मजकूर आहेच.

तुमच्यापैकी जे बँकेच्या किंवा एमपीएससीच्या परीक्षेची तयारी करतायत, त्यांनी ही फुली शंभर वेळा काढली असेल. प्रश्न असा असतो: एक चहा २०० रुपये किलो, दुसरा ३२० रुपये किलो. दोन्ही मिसळून २४० रुपये किलोचा चहा करायचाय, तर कोणत्या प्रमाणात मिसळायचा? क्लासमध्ये सर फळ्यावर वर दोन भाव लिहितात, मधोमध २४० लिहितात, आणि तिरक्या वजाबाक्या करतात. ३२० वजा २४०, म्हणजे ८०. हे ८० लिहायचे २०० च्या खाली. २४० वजा २००, म्हणजे ४०. हे लिहायचे ३२० च्या खाली. ८० ला ४०, म्हणजे २ ला १. दोन भाग स्वस्त, एक भाग महाग. उत्तर आलं, पुढचा प्रश्न.

या फुलीला इंग्रजी पुस्तकांतून आलेलं नाव आहे ॲलिगेशन. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ बांधणं. जुन्या युरोपीय अंकगणितांत स्वस्त भाव आणि महाग भाव एका रेघेनं जोडून दाखवायचे, म्हणून ‘बांधणी’. ती रेघ सरकत सरकत तुमच्या वहीतल्या फुलीपर्यंत आली.

पण मला कायम खटकायचं ते वेगळंच. ही वजाबाकी तिरकी का? महाग चहातून आलेला फरक स्वस्त चहाच्या नावावर का टाकायचा? क्लासमध्ये विचारलं की उत्तर मिळतं, “ट्रिक आहे, पाठ कर.” ट्रिक वगैरे काही नाहीये. आधी तेवढं बघू, मग आठशे-नऊशे वर्षं मागे जाऊ.

समजा तुम्ही किराणा दुकानदार आहात. पाटी लावलीये, चहा २४० रुपये किलो. आता तुम्ही २०० वाला चहा एक किलो त्या ढिगात टाकला तर तुमच्या गल्ल्यात ४० रुपये जास्तीचे येतात. ३२० वाला एक किलो टाकला तर तुमच्या खिशातून ८० रुपये जातात. हिशोब बरोबर सुटायचा असेल तर जाणारे आणि येणारे पैसे सारखे हवेत. एक किलो महाग चहाचा ८० रुपयांचा खड्डा भरायला स्वस्त चहा किती किलो लागेल? दोन. कारण प्रत्येक किलोमागे ४० च येतात. बस, एवढंच. महाग चहाचा तोटा स्वस्त चहा भरून काढतो, म्हणून त्याचा फरक याच्या नावावर लिहायचा. जो जास्त लांब आहे तो कमी लागतो, जो जवळ आहे तो जास्त लागतो. तराजूच्या दांडीसारखं. सी-सॉवर बारकं पोरगं टोकाला बसतं आणि जाडा दादा मध्याजवळ सरकतो ना, तसं.

हे डोक्यात बसलं की आपण जाऊया इसवी सन ११५० मध्ये.

त्या वर्षी भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ पुरा केला. त्याचा पहिला भाग म्हणजे ‘लीलावती’. आपण सह्याद्रीच्या परिसरातले, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, म्हणजे माणूस आपल्याच बाजूचा. लीलावतीत सोन्याच्या हिशोबाचं एक छोटं प्रकरण आहे, सुवर्णगणित. आपली फुली तिथे आहे. फुलीचं चित्र नाही, पण नियम तोच, अगदी शब्दशः तोच.

सोन्याचा हिशोब कळण्यासाठी एक शब्द लागेल: वर्ण. म्हणजे रंग. सोनार कसोटीच्या काळ्या दगडावर सोनं घासतो, उमटलेल्या रेघेचा रंग बघतो आणि त्यावरून सोन्याचा कस ठरवतो. आपण मराठीत ‘कसाला उतरणं’ म्हणतो, ‘बावनकशी’ म्हणतो, ते सगळं या घासण्यातून आलेलं. भास्कराचार्यांच्या हिशोबात १६ वर्ण म्हणजे चोख सोनं. १२ वर्ण म्हणजे सोळा भागांत बारा भाग सोनं, उरलेलं हीण. आजच्या कॅरेटमध्ये शुद्ध म्हणजे २४, तेव्हा १२ वर्णाचं सोनं म्हणजे आजचं १८ कॅरेट. दागिन्यावर ७५० असा हॉलमार्क दिसतो ना, ते.

आता गंमत बघा. चहाचा ‘किलोमागे किती रुपये’ आणि सोन्याचा ‘माषामागे किती वर्ण’ हे गणिताच्या दृष्टीनं एकच. माष हे वजन. वजन गुणिले वर्ण केलं की एकूण ‘सोनेपणा’ निघतो, जसं वजन गुणिले भाव केलं की एकूण किंमत निघते. म्हणून सोन्याचा नियम शिकलेला माणूस चहाचा, तांदळाचा, तुपाचा भावही काढू शकतो.

भास्कराचार्य आधी सोपी बाजू शिकवतात. सोन्याचे चार तुकडे आहेत. पहिला १३ वर्णाचा, १० माष. दुसरा १२ वर्णाचा, ४ माष. तिसरा ११ वर्णाचा, २ माष. चौथा १० वर्णाचा, ४ माष. सगळे एका मुशीत वितळवले, तर येणाऱ्या सोन्याचा वर्ण किती? गुणाकार करा: १३०, ४८, २२ आणि ४०. बेरीज २४०. एकूण वजन २० माष. २४० भागिले २०, म्हणजे १२ वर्ण. आजच्या भाषेत ही वजनानुसार काढलेली सरासरी. वर्णांची नुसती बेरीज करून चारनं भागलं असतं तर साडेअकरा आले असते, आणि ते चूक आहे, कारण १३ वर्णाचा तुकडा सगळ्यात मोठा आहे.

इथेच ते पुढचा प्रश्न टाकतात, आणि तो मला फार आवडतो. हेच २० माष सोनं आगीत शुद्ध केलं, हीण जळालं आणि १६ माष उरलं, तर वर्ण किती? सोनेपणा २४० च आहे, तो कुठे गेला नाही. २४० भागिले १६, म्हणजे १५ वर्ण. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मग येतो उलटा प्रश्न, म्हणजे आपली फुली. सोन्याचे दोन गोळे आहेत, एक १६ वर्णाचा आणि एक १० वर्णाचा. एकत्र वितळवल्यावर १२ वर्णाचं सोनं झालं. तर प्रत्येक गोळ्याचं वजन किती होतं? नियम सांगतो: मोठ्या वर्णातून हवा असलेला वर्ण वजा कर, १६ वजा १२, राहिले ४. हे हलक्या सोन्याचं वजन. हव्या वर्णातून लहान वर्ण वजा कर, १२ वजा १०, राहिले २. हे भारी सोन्याचं वजन. ताळा करून बघा. २ माष गुणिले १६ म्हणजे ३२. ४ माष गुणिले १० म्हणजे ४०. बेरीज ७२, वजन ६ माष, ७२ भागिले ६, बरोबर १२.

पण नियमात अजून एक शब्द आहे, आणि माझ्या मते सगळा जीव त्या शब्दात आहे. तो शब्द म्हणजे ‘इष्ट’. आलेल्या दोन्ही वजाबाक्यांना इष्ट संख्येनं, म्हणजे तुला वाटेल त्या संख्येनं गुण, असं ते सांगतात. म्हणजे उत्तर २ आणि ४ असेल. किंवा दोननं गुणून ४ आणि ८. किंवा निम्मं करून १ आणि २. ‘गोळ्यांचं वजन सांग’ असा प्रश्न, आणि उत्तर काय, तर एक ठराविक वजन नाहीच! अशी कितीही उत्तरं आहेत, फक्त दोघांमधलं प्रमाण बदलत नाही.

आपल्या क्लासमध्ये हा शब्दच गळून पडलाय. तिथे प्रश्नातच ‘कोणत्या प्रमाणात’ असं विचारतात, त्यामुळे उत्तर मोकळं आहे हे लक्षातच येत नाही. मग एखाद्या प्रश्नात ‘एकूण ४५ किलो मिश्रण हवं’ असं आलं की पोरं गोंधळतात. गोंधळायचं काय त्यात? फुलीनं २ ला १ सांगितलं, म्हणजे तीन भाग. ४५ ला तीननं भागा, १५. स्वस्त ३० किलो, महाग १५ किलो. इथे इष्ट संख्या १५ आहे, एवढंच. फुली प्रमाण सांगते, वजन कुणीतरी बाहेरून सांगावं लागतं.

या मोकळेपणाचा सगळ्यात देखणा वापर मात्र मला इटलीत सापडला.

पिसा शहर, ११७० च्या सुमाराचा जन्म, नाव लिओनार्दो. आपण त्याला फिबोनाची म्हणून ओळखतो, सशांच्या जोड्यांवाला. त्याचे वडील उत्तर आफ्रिकेत बुजिया बंदरात, आजच्या अल्जीरियात, पिसाच्या व्यापाऱ्यांचं काम बघायचे. तिथे पोरगा भारतीय अंक शिकला. १२०२ मध्ये त्यानं ‘लिबेर आबाची’ हे जाडजूड पुस्तक लिहिलं. भास्कराचार्यांची पोथी त्याच्या हातात होती, असं मी म्हणत नाहीये. पण त्याच्यासमोर प्रश्न तोच होता, फक्त सोन्याऐवजी नाणी. त्या काळची नाणी चांदी आणि तांबं मिसळून पाडलेली असायची. जास्त चांदीवाली आणि कमी चांदीवाली नाणी वितळवून हव्या कसाची नाणी कशी करायची, यावर त्याचा अख्खा अकरावा अध्याय आहे.

आणि त्याच अध्यायात, नाण्यांचं बोलता बोलता, तो अचानक पक्षी विकत घ्यायला निघतो!

प्रश्न असा. एका माणसानं ३० दिनारांत ३० पक्षी घेतले. तित्तर ३ दिनाराला एक. पारवा २ दिनाराला एक. चिमण्या एका दिनाराला दोन. प्रत्येक जातीचे किती पक्षी घेतले?

शाळेच्या पद्धतीनं गेलात तर तीन अज्ञात संख्या आणि समीकरणं दोनच. अडकलो. लिओनार्दो म्हणतो, अरे, ३० पक्षी ३० दिनारांत, म्हणजे सरासरी भाव पक्ष्यामागे १ दिनार. हे तर मिश्रण झालं! चिमणी १ दिनारापेक्षा स्वस्त, बाकीचे दोघे महाग. मग स्वस्ताला महागाशी जोडीजोडीनं बांधा.

पहिली जोडी चिमणी आणि तित्तर. चिमणी अर्ध्या दिनाराची, म्हणजे प्रत्येकीमागे अर्धा दिनार वाचतो. तित्तर ३ चं, म्हणजे प्रत्येकी २ दिनार जास्त जातात. एका तित्तराचा खड्डा भरायला ४ चिमण्या. झाला एक गट: पाच पक्षी, पाच दिनार.

दुसरी जोडी चिमणी आणि पारवा. पारव्यामागे १ दिनार जास्त जातो, तो भरायला २ चिमण्या. दुसरा गट: तीन पक्षी, तीन दिनार.

आता फुलीचं काम संपलं आणि ‘इष्ट’चं सुरू झालं. पाचाचे गट कितीही घ्या, तीनाचे कितीही घ्या, सरासरी १ दिनारच राहणार. अट एकच, सगळे मिळून ३० पक्षी व्हायला हवेत, आणि तिन्ही जाती असायला हव्यात. पाचाचे आणि तीनाचे गट मिळून तीस कसे होतील? पाचाचा एक गट घेतला तर २५ उरतात, ते तीनात बसत नाहीत. दोन घेतले तर २० उरतात, तेही नाही. तीन घेतले तर १५ उरतात, म्हणजे तीनाचे पाच गट. जमलं! चार घेतले तर १० उरतात, पाच घेतले तर ५, दोन्ही बसत नाहीत.

तर तित्तरं ३, पारवे ५, आणि चिमण्या पहिल्या गटांतून १२, दुसऱ्या गटांतून १०, अशा २२. पैसे मोजा: ९, १० आणि ११. बरोबर ३०.

मी हे पहिल्यांदा कागदावर करून बघितलं तेव्हा थांबून परत एकदा केलं. दोन वस्तूंचा साधा नियम, तीन वस्तूंवर चालवला, आणि जिथे अगणित उत्तरं होती तिथे अर्धा पक्षी विकत घेता येत नाही एवढ्या एका गोष्टीनं एकच उत्तर उरलं.

मधल्या मध्ये एक तारीख सांगून ठेवतो. लिओनार्दोच्या पुस्तकानंतर पाचच वर्षांनी, १२०७ मध्ये, आपल्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण इथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लेखाचा शेवटचा भाग चक्क जुन्या मराठीत आहे, आणि त्यात बाजारातून मठाला काय काय मिळावं याची नोंद आहे, तेलाच्या घाण्यावरच्या तेलासकट. पितळखोऱ्याची लेणी बघायला त्या बाजूला जाल तेव्हा पाटणलाही वाट वाकडी करा.

आता थोडं चुकांबद्दल, कारण फुली येणारी मुलंही इथे मार्क घालवतात.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट: फुलीतून येतं ते वजनाचं प्रमाण, पैशांचं नाही. समजा तुम्ही २०० वाला चहा हजार रुपयांचा घेतला आणि ४०० वाला चहाही हजार रुपयांचाच घेतला. सरासरी भाव ३०० वाटतो ना? नाहीये. स्वस्त चहा ५ किलो आला, महाग चहा फक्त अडीच किलो. दोन हजार रुपयांत साडेसात किलो, म्हणजे किलोमागे २६६ रुपये ६७ पैसे. ३०० तेव्हा येतील, जेव्हा वजन सारखं घ्याल. दर महिन्याला ठराविक रकमेची एसआयपी करणाऱ्यांनो, तुमच्या युनिटचा सरासरी भाव नुसत्या भावांच्या सरासरीपेक्षा कमी दिसतो, तो याच कारणानं.

दुसरं, नफा. ‘मिश्रण २६४ रुपयांनी विकून १० टक्के नफा झाला’ असं आलं तर फुलीच्या मधोमध २६४ लिहायचे नाहीत. आधी नफा काढून खरेदीचा भाव काढा, तो २४०, आणि मग फुली. वरचे दोन आकडे खरेदीचे असतील तर मधला आकडाही खरेदीचाच हवा.

तिसरी गोष्ट मर्यादेची. मधला आकडा दोन्ही भावांच्या मध्येच असायला हवा. १० वर्णाचं आणि ११ वर्णाचं सोनं कितीही मिसळा, १२ वर्णाचं होणार नाही. फुली मांडलीत तर एक वजाबाकी ऋण येईल, आणि ऋण वजनाचं सोनं कुठून आणणार? तसं उत्तर आलं की समजायचं, आकडे चुकलेत किंवा कुणीतरी थापा मारतंय. २०० आणि ३२० चा चहा फक्त मिसळून ३५० ला पडला, असं दुकानदार सांगत असेल तर त्यात तिसरं काहीतरी आहे, निदान दुकानाचं भाडं तरी.

मग हलक्या सोन्याचं भारी करायचंच असेल तर? तिथे भास्कराचार्यांचा तो आगीवाला प्रश्न कामाला येतो. १० वर्णाचं १२ माष सोनं घ्या, सोनेपणा १२०. १२ वर्णाचं हवंय, तर १२० भागिले १२, म्हणजे १० माष उरेपर्यंत शुद्ध करा. २ माष हीण जळून जाईल. म्हणजे मिसळून जे होत नाही ते काढून टाकून होतं, पण वजनाची किंमत मोजून. म्हणूनच जुना दागिना मोडायला नेलात की सोनार घट धरतो. घट किती हे वजनातून आणि कसातून काढता येतं, फक्त वितळवण्याआधीचा कस आणि नंतरचा कस दोन्ही विचारून घ्या. गुणाकार आधी आणि नंतर जवळपास सारखा यायला हवा.

जाता जाता एक कोडं. हेही भास्कराचार्यांचंच, ‘बीजगणित’ या भागातलं. १०० द्रम्मांत १०० पक्षी आणायचेत. पारवे ३ द्रम्मांना पाच, सारस ५ द्रम्मांना सात, हंस ७ द्रम्मांना नऊ आणि मोर ९ द्रम्मांना तीन. चारही जाती हव्यात. त्यांनी ते वेगळ्या पद्धतीनं सोडवलंय, पण तुम्ही आजच्या पद्धतीनं बघा. पारव्यांच्या एका गटात पाच पक्षी तीन द्रम्मांत, म्हणजे दोन वाचले. सारसांच्या गटात किती वाचतात? हंसांच्या? आणि मोरांच्या गटात किती जास्तीचे जातात? हे चार आकडे काढलेत की कोडं निम्मं सुटलं. उत्तर एकच नाहीये, बरीच आहेत. तुम्हाला जे सापडेल ते कमेंटमध्ये टाका, मोर किती आले तेवढं आधी लिहा.